रोज सहा किलोमीटर चालूनही हाडं का झिजतात? चालणं आणि वजन उचलणं यातला फरक

पाळी थांबून दीड-दोन वर्षं झालेली बाई हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट घेऊन येते आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच असतो: "मी तर रोज चालते, मग हे कसं झालं?" या गोंधळाचं मूळ एका शब्दात आहे. चालण्याला 'शरीराचं वजन पेलणारा' व्यायाम म्हणतात, म्हणून तो आणि वजन उचलण्याचा व्यायाम एकच वाटू लागतात. हाडांना मात्र दोन्हींतला फरक चांगलाच कळतो.

हाड पावलं मोजत नाही. त्याच्या आतल्या पेशींना कळतो तो ताण: किती जोराचा आहे आणि नेहमीपेक्षा वेगळा आहे का. चालताना येणारा भार त्यांच्या वर्षानुवर्षांच्या सवयीचा असतो. शिवाय तोच भार पुन्हापुन्हा आला की काही डझन वेळांनंतर पेशी त्याला दाद देईनाशा होतात, त्यामुळे सहाचे आठ किलोमीटर केल्याने हाडात फारसं काही घडत नाही. चालणं हृदयासाठी, रक्तातल्या साखरेसाठी आणि मनासाठी चांगलंच, ते सोडू नका. पण मणक्याची घनता त्याने वाढत नाही. खुब्यापाशी थोडा फायदा होतो, इतकंच.

जड वजन उचलताना स्नायू हाडाला जोराने ओढतो आणि तो ताण सवयीपलीकडचा असतो. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या 101 स्त्रियांवर 'लिफ्टमोर' नावाचा प्रयोग झाला. एका गटाने देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जमिनीवरून वजन उचलण्याचा डेडलिफ्ट, वजन घेऊन खाली बसून उठण्याचा स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलण्याचा व्यायाम केला, सोबत उडी मारून जमिनीवर उतरण्याचाही. वजन इतकं, की सलग पाच वेळा उचलताना दम लागावा. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली.

आता आहार. कॅल्शियम आणि प्रोटीन हा माल आहे, आणि माल कुठे लावायचा याचा निरोप ताणातून येतो. नुसत्या गोळ्या घेऊन हाड भरत नाही, तसं नुसत्या व्यायामानेही माल तयार होत नाही.

एक उदाहरण घेऊ. वय 52, वजन 60 किलो, मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी हे सांगणारा आकडा, उणे 1.8; थोडक्यात, हाड विरळ झालेलं पण ऑस्टिओपोरोसिसच्या उणे 2.5 च्या रेषेअलीकडे. रोजच्या खाण्यातून हिला साधारण 40 ग्रॅम प्रोटीन मिळतं, तेही बरंचसं रात्रीच्या जेवणात. किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम धरलं, तर हिला 60 ते 72 ग्रॅम लागेल. मी आधी सकाळचा नाश्ता सुधारायला सांगेन, कारण तिन्ही वेळी 20 ते 25 ग्रॅम मिळालं तर स्नायूंना ते जास्त उपयोगी पडतं. कॅल्शियमचं दिवसाचं लक्ष्य साधारण 1200 मिलिग्रॅम, खाण्यातलं धरून. खाण्यातून 700 येत असेल तर गोळी 500 चीच पुरते. एका वेळी त्याहून जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घटतं.

व्यायामात पहिले चार आठवडे फक्त हालचाल शिकायची: पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं, खुर्चीवरून उठणं, हलकं वजन डोक्यावर नेणं. मग वजन असं निवडायचं, की आठ वेळा उचलल्यावर आणखी दोनच वेळा जमेल असं वाटावं. सलग दोन दिवस दहाच्या वर सहज गेलं, की वजन थोडं वाढवायचं. इथेच बहुतेकजणी चुकतात. दोन किलोचे डंबेल्स वर्षभर तेच राहतात आणि मग ते चालण्यासारखंच सवयीचं होतं. पाठीचा मणका आधीच दबलेला असेल, टी-स्कोअर उणे 2.5 च्या खाली असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय जड वजन नको. मणका कमजोर असताना वजन घेऊन पाठ गोल करून वाकणं तर नकोच. आणि डॉक्टरांनी हाडांचं औषध लिहून दिलं असेल, तर व्यायाम सुरू केला म्हणून ते बंद करू नये.

फरक पडतोय का, हे दोन वेगळ्या घड्याळांवर कळतं. ताकद सहा-आठ आठवड्यांत दिसते. हात छातीवर बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात, ते मोजा. पंधराच्या वर जात असतील, तर स्नायू कमी पडताहेत. हाड मात्र सावकाश बदलतं. डेक्सा यंत्राची स्वतःची चूकच एक-दोन टक्क्यांची असते, त्यामुळे तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला तर खरा बदल आणि यंत्राची चूक वेगळी काढता येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर, मग बघा.