अर्धशिशीसाठी मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविन: घेण्याआधी हे वाचा

आमचे औषधांचे दुकान आहे आणि या पत्रकात ज्या गोळ्यांबद्दल लिहिले आहे त्या आम्ही विकतो, हे आधीच सांगून टाकतो. तरीही काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात आणि गर्दीत पुरते उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवले.

पहिली गोष्ट अशी की या गोळ्यांनी आत्ता दुखणारे डोके थांबत नाही. अर्धशिशी कमी वेळा यावी म्हणून त्या रोज घ्यायच्या असतात आणि फरक पडलाच तर तो दोन-तीन महिन्यांनी कळतो. आठ दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून बाटली परत आणणाऱ्यांची संख्या आमच्याकडे मोठी आहे.

रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२

याचा मुख्य आधार म्हणजे बेल्जियममधला १९९८ सालचा एक अभ्यास. ५५ रुग्णांपैकी काहींना रोज ४०० मिलिग्रॅम बी-२ दिले, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. तीन महिन्यांनी बी-२ घेणाऱ्यांत शंभरात ५९ जणांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले. नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात १५ होते. आकडा चांगला आहे, पण माणसे ५५च, हे विसरू नये.

बी-२ घेतले की लघवी गर्द पिवळी होते, जवळजवळ हळदीसारखी. घाबरून फोन करणारे ग्राहक आहेत, म्हणून सांगतो: ही कावीळ नव्हे, शरीराला नको असलेले बी-२ बाहेर पडते आहे. मात्र डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर डॉक्टरांकडे जाच. या रंगामुळे अभ्यास करणाऱ्यांचीही पंचाईत होते, कारण आपल्याला खरी गोळी मिळाली की खोटी हे रुग्ण लघवीवरून ओळखतो. २००४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात म्हणूनच 'खोट्या' गोळीतही २५ मिलिग्रॅम बी-२ घातले. दुसऱ्या गटाला ४०० मिलिग्रॅम बी-२, मॅग्नेशियम आणि फीव्हरफ्यू ही वनस्पती एकत्र दिली. दोन्ही गटांत जवळपास सारखाच फरक दिसला. आता २५ मिलिग्रॅमच पुरेसे होते, की दोन्हीकडे मनाचाच परिणाम होता, हे त्यावरून ठरत नाही.

एक चूक मात्र कृपा करून करू नका. नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूलमध्ये बी-२ साधारण १० मिलिग्रॅम असते. ४०० मिलिग्रॅम गाठायला दिवसाला चाळीस कॅप्सूल लागतील, आणि त्यांच्याबरोबर नियासिनामाइड आणि बी-६ यांचा मारा होईल. बी-६ जास्त प्रमाणात बरेच दिवस घेतले तर हातापायांना मुंग्या येतात, नसांना इजा होते. एकट्या बी-२ची जास्त ताकदीची गोळी वेगळी मिळते. दुकानात नसेल तर मागवून देऊ.

मॅग्नेशियम: लेबल वाचायला शिका

जर्मनीत १९९६ साली ८१ जणांवर झालेल्या अभ्यासात रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सायट्रेटच्या रूपात दिले. तिसऱ्या महिन्यात अर्धशिशीचे झटके सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. औषध नसलेल्या गोळीने १६ टक्क्यांनी. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, वेगळा क्षार आणि थोडी कमी मात्रा वापरून, काहीच फरक दिसला नाही. म्हणजे आधार आहे, पण भक्कम नाही.

खरा घोळ होतो तो लेबलवर. आमच्या नेहमीच्या एका ताईंनी दोन महिने 'मॅग्नेशियम सायट्रेट ५०० मिलिग्रॅम'ची गोळी दिवसातून दोनदा घेतली. 'हजार मिलिग्रॅम घेऊनही डोके तसेच,' असे म्हणत त्या आल्या. आम्ही मागचे लेबल वाचले. ५०० हे सायट्रेट या संपूर्ण क्षाराचे वजन होते. त्यातले प्रत्यक्ष मॅग्नेशियम, ज्याला लेबलवर 'एलिमेंटल' म्हणतात, ८० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला १६०. ऑक्साइडच्या ५०० मिलिग्रॅम गोळीत हेच सुमारे ३०० असते, पण ऑक्साइड आतड्यात कमी शोषले जाते आणि उरलेले पोट ढिले करते.

ताईंच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडे नीट काम करतात का हे बघायला रक्तातले क्रिएटिनिन तपासले आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅम एलिमेंटल, सकाळ-रात्र जेवणानंतर वाटून घ्यायला सांगितले. चार दिवसांत जुलाब. चौकशी केल्यावर कळले की डोके दुखले की पित्त समजून त्या रात्री अँटासिडचे औषध घेत, आणि त्यातही मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होते. ते थांबवल्यावर पोट सावरले. त्यांच्या कॅलेंडरवर डोकेदुखीचे दिवस आधी महिन्याला नऊ होते. पुढच्या तीन महिन्यांत आठ, सहा, पाच. हे मॅग्नेशियममुळेच झाले असे आम्ही छातीठोक सांगणार नाही. अर्धशिशी आपणहूनही चढते-उतरते.

जुलाब हा नेहमीचा त्रास. त्या जर्मन अभ्यासात जवळपास पाचात एकाला झाला. मात्रा कमी करून बघा, क्षार बदलून बघा. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम स्वतःहून मुळीच घेऊ नका. ते शरीरात साठते. मग गळून गेल्यासारखे वाटते, झोप येते, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. बऱ्याच वर्षांचा मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावे. अमेरिकेत पूरक गोळ्यांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा ३५० मिलिग्रॅम धरतात. अभ्यासातले ६०० त्याच्या वर जाते, म्हणून तेवढे घ्यायचे तर डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचे अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखे अँटिबायोटिक चालू असेल तर तेवढे दिवस मॅग्नेशियम बंद ठेवणे सगळ्यात सोपे.

बाकीच्या गोळ्या

कोएन्झाइम क्यू-१०च्या ३०० मिलिग्रॅमचा एका छोट्या अभ्यासात, ४२ जणांवर, उपयोग दिसला. महाग आहे, आणि रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. फीव्हरफ्यूने काहींच्या तोंडात फोड येतात. गरोदरपणात ती घेऊच नये. बटरबर नावाची वनस्पती ऑनलाइन दिसेल. अमेरिकेतल्या मेंदूरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये तिची सर्वात ठाम शिफारस केली होती, पण यकृताला इजा होण्याच्या भीतीने ती मार्गदर्शिका २०१५ मध्ये मागे घेतली. आम्ही ती ठेवत नाही.

सुरू करायचे असेल तर

एका वेळी एकच गोळी सुरू करा. दोन्ही एकदम घेतल्या तर गुण कशाचा आणि जुलाब कशाचा हे कळत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोके दुखलेल्या दिवशी गोल काढा, वेदनाशामक घेतलेल्या दिवशी फुली मारा. एक महिना नुसती नोंद, मग तीन महिने गोळी. गोल निम्मे झाले नाहीत तरी स्पष्ट कमी झाले तर पुढचे डॉक्टरांशी बोला; जैसे थे असतील तर पैसे वाया घालवू नका.

फुल्या मोजा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अर्धशिशीचा झटका थांबवणारी ट्रिप्टान गोळी किंवा मिश्र वेदनाशामक गोळी दहा किंवा जास्त दिवस लागत असेल, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखत असू शकते. तिथे मॅग्नेशियम पुरे पडणार नाही.

आयुष्यात कधी नव्हे इतके तीव्र डोके क्षणात दुखू लागले, बोलणे अडखळले, एक बाजू लुळी पडली, किंवा तापाबरोबर मान आखडली तर दुकानात येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी येताना कॅलेंडरचे पान, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि मॅग्नेशियमची बाटली बरोबर आणा. लेबल आपण मिळून वाचू. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते.