‘आज चढतच नाहीये’ म्हणणाऱ्याच्या मेंदूत काय चालू असतं?

मित्राच्या बढतीची पार्टी होती. परमिट रूममधलं कोपऱ्यातलं टेबल, शेंगदाणे, चकणा, आणि त्यावेळी नव्यानंच सुरू झालेली पद्धत : व्होडकात सोडा किंवा लिंबूपाणी नाही, तर एनर्जी ड्रिंकचा कॅन. दिवसभर ऑफिसात घासून आलेला हा गडी एरवी दुसऱ्या पेगलाच जांभया द्यायला लागतो. त्या रात्री साडेअकरा वाजले तरी त्याचे डोळे टक्क उघडे. दर दहा मिनिटांनी तो एकच वाक्य म्हणत होता, “आज चढतच नाहीये यार.” आणि हे म्हणताना त्याचा हात लागून ग्लास दोनदा कलंडला होता.

त्या कलंडलेल्या ग्लासात सगळा विषय आहे. चढलेली होतीच, पण त्याची वर्दी त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

दिवसभर मेंदू काम करतो तेव्हा ऊर्जा खर्च होते आणि त्या खर्चातून अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ मागे उरतो. संध्याकाळपर्यंत तो साचत जातो. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना ग्राहक म्हणतात. अ‍ॅडेनोसिन तिथे जाऊन बसलं की पेशींची लगबग मंदावते आणि आपल्याला पेंग येते. दारू प्यायल्यावर हे अ‍ॅडेनोसिन आणखी वाढतं, कारण पेशींच्या बाहेर पडलेलं अ‍ॅडेनोसिन आत ओढून घेणारी जी यंत्रणा असते तिच्यात अल्कोहोल अडथळा आणतं. दारूनंतर जी झापड येते तिच्यात या वाढलेल्या अ‍ॅडेनोसिनचा मोठा वाटा असतो.

एनर्जी ड्रिंकमधलं कॅफिन या ठिकाणी काय करतं हे समजायला एसटी स्टँड आठवा. गाडी लागली की कोणीतरी खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकतो. सीटवर माणूस नाही, पण सीट अडली. कॅफिनचा आकार अ‍ॅडेनोसिनशी इतका मिळताजुळता असतो की ते त्याच्या जागा अशाच रुमाल टाकून अडवतं. अ‍ॅडेनोसिन गाडीत चढतं, पण बसायला जागा नाही. पेंग येत नाही. कॅफिननं थकवा घालवला असं आपण म्हणतो, पण थकवा गाडीत उभाच असतो. रुमाल उचलले की सगळे प्रवासी एकदम बसतात.

आता मुख्य मुद्दा. दारूचं काम फक्त अ‍ॅडेनोसिनमार्फत चालत नाही. तोल जाणं, जीभ जड होणं, ‘हे करू नये’ असं सांगणारा आतला आवाज बारीक होणं, या गोष्टी मुख्यतः मेंदूतल्या दुसऱ्या रसायनांच्या वाटेनं होतात. गाबा आणि ग्लुटामेट ही त्यातली दोन मोठी नावं. त्या वाटांवर एनर्जी ड्रिंकमधल्या कॅफिनचा फारसा जोर चालत नाही. त्यामुळे दोन्ही एकत्र घेतलं की झोप जाते, पण झिंग जात नाही. आणि आपल्याला किती झालीये याचा अंदाज बहुतेक जण झोपेवरूनच बांधतात. तोल गेलाय का हे बसल्या जागी कळत नाही, आपली विचारशक्ती मंदावलीय का हे तर मंदावलेल्या विचारशक्तीला कधीच कळत नाही. पेंग मात्र कळते.

ब्राझीलमधल्या साओ पावलोत हे नीट तपासून पाहिलं गेलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 26 निरोगी तरुणांना वेगवेगळ्या दिवशी नुसती दारू, नुसतं एनर्जी ड्रिंक आणि दोन्ही एकत्र असं दिलं. एनर्जी ड्रिंकचं प्रमाण सत्तर किलोच्या माणसाला साधारण एक कॅन पडेल एवढं होतं. दोन्ही एकत्र घेतल्यावर डोकं कमी दुखतंय, अशक्तपणा कमी वाटतोय, हातापायांवर ताबा चांगला आहे, असं मुलांनी सांगितलं. मग त्यांच्या हालचालींमधला मेळ आणि दिव्याला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ मोजला. तिथे काहीच सुधारणा नव्हती. श्वासातलं अल्कोहोलही तेवढंच होतं. थोडक्यात, हातापायांवर ताबा आहे असा विश्वास वाढला होता, प्रत्यक्ष ताबा होता तिथेच होता.

हिशेब मांडून पाहू. समजा, सत्तर किलोचा पुरुष रात्री नऊला बसला. बारापर्यंत त्यानं साठ मिलीचे तीन पेग घेतले. आपल्याकडच्या व्हिस्की-व्होडकात साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका पेगमध्ये जेमतेम वीस ग्रॅम. तिन्ही पेगचे मिळून साठ. शरीरातल्या पाण्यात ते पसरलं आणि तीन तासांत यकृतानं आपल्या संथ गतीनं थोडं संपवलं, असं धरून बारा वाजता रक्तात दर 100 मिलीला 80 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल उरतं. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे 30. यकृताचा वेग साधारण ताशी 15 मिलिग्रॅम, तो काळ्या कॉफीनं वाढत नाही, लिंबानं नाही आणि कॅनमधल्या कशानंही नाही. म्हणजे तिसऱ्या पेगवर थांबलेला माणूसही तीस या आकड्याखाली यायला पहाटेचे साडेतीन वाजतात. (बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे त्याच वजनाला तिचा आकडा आणखी वर जातो. जेवण झालंय की नाही यानंही फरक पडतो. हा हिशेब ढोबळ आहे, त्याच्या भरवशावर कोणी किल्ली फिरवू नये.)

याच तीन तासांत त्यानं एनर्जी ड्रिंकचे 250 मिलीचे दोन कॅन रिचवले. भारतात या पेयांत लिटरला जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफिनची परवानगी आहे, तेव्हा दोन कॅनचं दीडशे मिलिग्रॅमपर्यंत. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे बारा वाजता त्यातलं शंभराहून जास्त अंगात आहे. एरवी ज्या क्षणी डोळे मिटायला लागून हा माणूस ‘चला रे, बास’ म्हणाला असता, तो क्षण येतच नाही. चौथा पेग येतो. एक वाजता आकडा 110च्या घरात, आणि तिसाखाली यायला आता सकाळचे सहा वाजून जाणार. एका पेगनं जवळजवळ तीन तास पुढे ढकलले. वर पहाटे चार वाजता अंगात साठ-सत्तर मिलिग्रॅम कॅफिन शिल्लक, म्हणजे घरी जाऊन पडला तरी धड झोप नाही.

पण चौथा पेग फक्त जागं राहिल्यामुळे येतो का? इथे आणखी एक गोष्ट घडते. दारूचा परिणाम दोन टप्प्यांत होतो. रक्तातलं अल्कोहोल चढत असताना तरतरी, बडबड, हसू. उतरायला लागलं की सुस्ती. पिणाऱ्याला हवा असतो पहिला टप्पा. कॅफिन दुसरा टप्पा दाबून पहिला लांबवतं, त्यामुळे प्रत्येक घोट जास्त ‘लागू’ पडल्यासारखा वाटतो. ऑस्ट्रेलियात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 18 ते 30 वयाच्या 75 जणांना साठ मिली व्होडका दिली, काहींना एनर्जी ड्रिंकमधून, काहींना सोड्यातून. आणखी प्यावंसं वाटतंय का, असं नंतर विचारलं. एनर्जी ड्रिंकवाल्यांची इच्छा जास्त होती. तेही एकाच ग्लासानंतर.

हे सगळ्यांना मान्य आहे असं मात्र नाही. काही संशोधकांनी बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा ‘तुम्हाला किती चढलीये?’ या थेट प्रश्नाच्या उत्तरात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. त्यांतल्या काहींना एनर्जी ड्रिंकच्या कंपनीकडून पैसे मिळाले होते, पण तेवढ्यानं आक्षेप खोटा ठरत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या बारमधून रात्री बाहेर पडणाऱ्या 802 जणांची तपासणी झाली. मिसळून पिणारे तिकडच्या 80च्या मर्यादेवर असण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट निघाली, आणि आता गाडी चालवणार असं म्हणण्याची चौपट. पण मुळात बेफिकीर माणसंच असं मिश्रण मागवत असतील तर? त्या आकड्यांतला काही भाग नक्कीच स्वभावाचा आहे. म्हणून माझा भर वरच्या प्रयोगांवर आहे, जिथे कोणी काय प्यायचं ते पिणाऱ्यानं ठरवलेलं नव्हतं. ‘चढली’ या शब्दावर वाद होऊ शकतो. झोप दबते, तरतरी वाढते आणि रक्तातलं अल्कोहोल तसूभर कमी होत नाही, यावर फारसा वाद नाही.

हे मिश्रण कारखान्यातच डब्यात भरून विकलं तर काय होतं, तेही अमेरिकेनं पाहिलं. फोर लोको नावाचं पेय, मोठा सातशे मिलीच्या जवळपासचा कॅन, 12 टक्के अल्कोहोल, शिवाय कॅफिन. एका कॅनमध्ये आपले तीन पेग भरून थोडं वर. चव फळांच्या गोड सरबताची. ऑक्टोबर 2010 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रोझलिन गावी कॉलेजच्या मुलांची पार्टी झाली आणि नऊ विद्यार्थ्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. अवस्था अशी की कोणीतरी पेयात गुंगीचं औषध घातलं असावं, असाच पहिला संशय आला. तपासणीत औषध सापडलं नाही. सापडलं ते अल्कोहोल, 120 पासून 350 मिलिग्रॅमपर्यंत. काहींनी सोबत दुसरी दारूही घेतली होती. 350 हा आकडा जिवावर बेतणारा असतो, त्या पातळीला श्वास बंद पडू शकतो. तिथवर जाण्याआधी बहुतेक लोक झोपून जातात, आणि ती झोप त्यांना पुढच्या ग्लासापासून वाचवते. नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशी पेयं बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. फोर लोकोच्या कंपनीनं त्याच्या आदल्याच दिवशी कॅफिन काढून टाकण्याचं जाहीर केलं होतं.

कारखान्यातलं कॅफिन असं गेलं, टेबलावरचं राहिलं. तिथे बारटेंडर नियम मोडत नाही, कारण दोन वस्तू वेगवेगळ्या विकल्या जातात आणि आपण त्या एका ग्लासात ओततो. त्यामुळे ओळखायच्या खुणाही टेबलावरच्याच. माणूस टवटवीत दिसतोय म्हणून हिशेब सोडू नका, पेग मोजा. तासाभरापूर्वी जागा असलेला माणूस रुमाल उचलल्यावर अचानक आडवा होऊ शकतो, आणि पोटातली शेवटची दारू तेव्हाही रक्तात चढत असते. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास अडखळत किंवा फार सावकाश चालत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार लागत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणायचं नाही. उताणं न ठेवता कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि 108ला फोन करायचा.

त्या रात्री आम्ही मित्राची किल्ली काढून घेतली. बिल आलं तेव्हा तो वेटरशी भांडत होता. त्याच्या नावावर चार लार्ज लावले होते, आणि त्यानं तीनच घेतलेत याची त्याला शंभर टक्के खात्री होती. वेटर काही बोलला नाही, त्यानं फक्त टेबलाखाली ढकललेले रिकामे कॅन वर काढून मांडले. आम्ही तोवर दोनच मोजले होते. ते तीन निघाले.