चाळणं वेगळं आणि सर्व्हे वेगळा

माझा मावसभाऊ बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे, राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसतो. परवा त्याला इकॉनॉमिक्सचा मागणीच्या लवचिकतेचा, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती टक्क्यांनी हलते त्याचा, चॅप्टर वाचायचा होता, 28 पानं, आणि मी गेलो तेव्हा म्हणाला, "दादा, सर्व्हे झाला, आता वाचायला घेतो." मी म्हटलं, पुस्तक मिट आणि काय दिसलं सांग. तर म्हणे, "लवचिकता आहे, पाच प्रकार आहेत, आकृत्या लई आहेत." बस्स, एवढंच. दहा मिनिटं त्याने खरोखर पानं उलटली होती, पण ते चाळणं झालं, सर्व्हे, म्हणजे वाचायच्या आधी चॅप्टरचा नीट अंदाज घेणं, ते नाही झालं.

बाहेरून बघितलं तर दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून घोळ होतो. चाळताना नजर पुस्तकाच्या मागनं जाते, जे ठळक छापलंय ते दिसतं आणि पुढचं पान येतं. सर्व्हेत काय बघायचं ते आपण ठरवतो, आणि मी तर शेवटाकडून सुरू करतो, म्हणजे आधी सारांश आणि स्वाध्याय, मग पहिला परिच्छेद, मग मथळे ओळीने, मग आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी. मधला मजकूर अजिबात वाचायचा नाही, मोह झाला तरी. 28 पानांना दहा मिनिटं पुष्कळ झाली.

ही पद्धत काय आजची नाही, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 1946 मध्ये मांडली, सर्व्हे, क्वेश्चन, रीड, रिसाइट, रिव्ह्यू अशा पाच पायऱ्या. लोक पहिली पायरी करतात आणि थेट तिसरीवर उडी मारतात, आणि दुसरी गाळली की पहिलीचं आपोआप चाळणं होतं. सर्व्हे झाला की नाही ते कसं ओळखायचं, तर पुस्तक मिटल्यावर कागदावर प्रश्न उतरले का ते बघायचं.

आणि प्रश्न म्हणजे मथळ्याला प्रश्नचिन्ह चिकटवणं नव्हे. भावाने पहिला प्रश्न लिहिला, "किंमत लवचिकता म्हणजे काय?" याचं उत्तर व्याख्या, ती डोळ्याने उचलता येते, डोकं लागत नाही. मग मी त्याला एक आकृती दाखवली, मागणीची सरळ रेष, आणि तिच्यावर वर 4, मध्ये 1, खाली 0.25 असे लवचिकतेचे आकडे. म्हटलं, हे बघून काही खटकत नाही का? जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "रेष सरळ आहे म्हणजे उतार सगळीकडे सारखाच ना, मग लवचिकता का बदलते?" हा खरा प्रश्न! हा डोक्यात ठेवून त्या भागाची चार पानं वाचली की कुठली ओळ कामाची आणि कुठली नुसती भर, ते वाचतानाच कळतं.

नोट्ससाठी पानावर उभी रेघ मारायची, डावीकडे अरुंद जागेत प्रश्न, उजवीकडे मोकळी जागा. तेवढा भाग वाचून पुस्तक बंद करायचं आणि मगच उजवीकडे लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की हात चालतो, डोकं नाही, वही मात्र सुंदर दिसते म्हणून फसायला होतं. भावाला पहिल्यांदा जमलं नाही, परत वाचलं, मग स्वतः आकडे घेऊन लिहिलं. मागणी Q = 100 − 10P धरली, P म्हणजे किंमत. किंमत 8 वरून 7 झाली तर ती 12.5 टक्के उतरली, पण मागणी 20 वरून 30 झाली, म्हणजे 50 टक्के वाढ, भागाकार 4, तीच लवचिकता. किंमत 2 वरून 1 झाली तर ती 50 टक्के उतरली आणि मागणी 80 वरून 90, म्हणजे वाढ फक्त 12.5 टक्के, भागाकार 0.25. दोन्हीकडे वाढले दहाच नग, पण टक्केवारी कशावर काढली ते बदललं. हे त्याने पुस्तक मिटून लिहिलं, त्याच्या भाषेत.

अख्ख्या चॅप्टरला सहा-सात प्रश्न बास होतात. वीस झाले तर बहुतेक आपण प्रत्येक परिच्छेदाचा एक काढलाय. आणि एकही सुचत नसेल तर मागचं काहीतरी कच्चं आहे, इथे टक्केवारीतला बदल कच्चा असता तर हा प्रश्न सुचलाच नसता, अशा वेळी मागे जायचं, पुढे रेटायचं नाही. गणिताच्या डेरिव्हेशनवाल्या चॅप्टरला मात्र हे निम्मंच लागू पडतं, तिथे मथळ्यांपेक्षा सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः सोडवणं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने उजवी बाजू हाताने झाकली आणि डावीकडचे प्रश्न बघून उत्तरं बोलून दाखवली. सातपैकी पाच आली, दोन अडली, त्या दोनांसमोर पान नंबर लिहिले आणि तेवढीच पानं परत उघडली.