एका डिपार्टमेंटचं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड: हे चार कप्पे आले कुठून?

बॅलन्स्ड स्कोअरकार्ड, म्हणजे कामगिरी नुसत्या पैशाच्या आकड्यांनी न मोजता त्यांच्या जोडीला इतर आकडेही बघायची पद्धत, म्हटलं की कॅप्लन आणि नॉर्टन ही जोडी आठवते, आणि ते बरोबरच आहे, १९९२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखातून त्यांनीच ते जगासमोर आणलं. पण त्याच्या आधी अ‍ॅनालॉग डिव्हाइसेस या चिप बनवणाऱ्या कंपनीत आर्ट श्नायडरमन नावाचे क्वालिटीवाले गृहस्थ १९८७ च्या सुमारास एका पानाचं स्कोअरकार्ड वापरत होते, त्यात पैशाच्या आकड्यांशेजारीच माल वेळेवर गेला का, डिफेक्ट किती, नवीन प्रॉडक्ट कधी, असले आकडे असायचे. १९९० मध्ये कॅप्लन-नॉर्टननी डझनभर कंपन्या घेऊन अभ्यास सुरू केला, त्यात हे पान त्यांच्यासमोर आलं आणि पुढे त्याचे चार कप्पे झाले: फायनान्स, कस्टमर, प्रोसेस आणि लर्निंग.

आता यात एक गोष्ट नेहमी सुटते. हे सगळं मुळात अख्ख्या बिझनेस युनिटसाठी होतं, म्हणजे ज्याला स्वतःचा नफा आहे, बाहेरचा ग्राहक आहे. डिपार्टमेंटकडे यातलं बऱ्याचदा काहीच नसतं. तरी कंपनीचंच कार्ड कॉपी करून खाली देतात, मग बिलं पास करणाऱ्या टीमच्या कार्डावर 'रेव्हेन्यू ग्रोथ' दिसते आणि त्या बिचाऱ्यांच्या हातात त्यातलं काहीही नसतं.

तीच टीम घेऊ, सप्लायरची बिलं तपासून पेमेंटला पाठवणारी. आकडे माझे, कल्पित आहेत. इथे फायनान्सच्या कप्प्यात नफा नाही येत, लेट फी किती भरली आणि लवकर पेमेंटचा डिस्काउंट किती हुकला हे येतं. कस्टमर म्हणजे सप्लायर आणि आपल्याच कंपनीतली इतर डिपार्टमेंट्स, त्यांचा प्रश्न एकच, बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे. प्रोसेसमध्ये बघायचं की पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तिन्ही पहिल्याच फटक्यात जुळतात का. समजा १०० पैकी २४ बिलं अडकतात. आणि लर्निंगमध्ये 'ट्रेनिंगचे तास' लिहू नका प्लीज, तो आकडा कोणीही हॉलमध्ये बसून वाढवतो. त्यापेक्षा प्रत्येक प्रकारचं बिल एकट्याने निस्तरू शकणारी किमान दोन माणसं आहेत का ते मोजा, कारण परदेशी चलनातली बिलं जर एकाच माणसाला येत असतील तर तो रजेवर गेला की ती तशीच पडून राहतात.

मग साखळी तयार होते: दुसरा माणूस तयार झाला की अडकलेली बिलं लवकर सुटतात आणि चूक कुठे होते तेही कळतं, त्यामुळे पुढच्या वेळी कमी अडकतात, दिवस कमी होतात, लेट फी घटते. हा बाणांचा नकाशा, म्हणजे स्ट्रॅटेजी मॅप, कॅप्लन-नॉर्टननी २००० च्या आसपास पुढे आणला. पण बाण म्हणजे अंदाजच, पुरावा नाही, आणि यावर हॅने नॉरेक्लिट या अभ्यासकांनी त्याच सुमारास टीका केली होती. दोन तिमाह्या दुसरा माणूस तयार असूनही २४ चे २३ च झाले, तर बाण चुकलाय, कदाचित खरी गडबड पर्चेस ऑर्डरमध्येच चुकीचे दर टाकण्यात असेल, आणि मग ध्येय पर्चेसवाल्यांबरोबर मिळून ठरवावं लागतं.

टार्गेटसाठी श्नायडरमन यांची हाफ-लाइफची कल्पना मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते. चुका अर्ध्या व्हायला किती महिने लागतात ते आधी बघायचं. सहा महिने लागत असतील तर २४ वरून १२, मग पुढच्या सहा महिन्यांत ६. 'पुढच्या महिन्यात शून्य' असं कोणी म्हणालं की टीम आकडाच वाकवते.

आकडा वाकवण्याची ठरलेली जागा म्हणजे घड्याळ. बिल आलेल्या दिवसापासून मोजायच्या ऐवजी सिस्टीममध्ये एंट्री झाल्यापासून मोजायचं, आणि एंट्री आरामात करायची. रिपोर्टमध्ये १८ दिवसांचे ९ होतात. ओळखायचं कसं, तर पेमेंट कुठे अडकलं म्हणून येणारे सप्लायरचे फोन तेवढेच राहतात, लेट फीही तेवढीच.

शेवटची अडचण वरच्यांची. लाइप आणि सॉल्टेरिओ या संशोधकांच्या २००० च्या प्रयोगात दिसलं की दोन युनिट्सचं मूल्यमापन करताना माणसं दोघांना कॉमन असलेल्या मापांवरच भर देतात, त्या-त्या युनिटची खास मापं जवळजवळ बाजूला पडतात. डिपार्टमेंटच्या बाबतीतही हाच धोका आहे, साहेब खर्चाची ओळ बघणार कारण ती सगळ्यांच्याच कार्डावर आहे, आणि 'दुसरा माणूस' वाली ओळ कोणी वाचणारच नाही. म्हणून रिव्ह्यू मीटिंग लर्निंगपासून सुरू करायची आणि फायनान्स शेवटी घ्यायचं, म्हणजे वेळ संपली तरी निदान फायनान्सचा आकडा सगळ्यांना आधीच माहीत असतो.