उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीचा अर्ज : पार्श्वभूमी

अनपेक्षित कमी गुण पडलेला वैद्यकीय विद्यार्थी परीक्षा विभागाला अर्ज लिहितो, तेव्हा विषयाच्या ओळीत बहुधा 'फेरतपासणीबाबत' असे लिहून मोकळा होतो. अर्ज अडतो तो इथेच. फेरतपासणी हा बोलण्यातला शब्द आहे आणि त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. फेरमोजणी म्हणजे आधीच दिलेल्या गुणांची बेरीज पुन्हा करणे. गुणपडताळणीत त्यापुढे जाऊन प्रत्येक उत्तर तपासले गेले आहे का, पुरवणी धरली आहे का आणि आतले गुण मुखपृष्ठावर बरोबर चढले आहेत का, हे पाहिले जाते. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसऱ्या परीक्षकाने उत्तर नव्याने वाचून नवे गुण देणे. पहिल्या दोन्हींत परीक्षकाच्या मताला कोणी हात लावत नाही, तिसऱ्यात ते मतच बाजूला ठेवले जाते. अनेक विद्यापीठे वैद्यकीय अभ्यासक्रमांना पहिल्या दोन सोयी देतात, तिसरी देत नाहीत. त्यामुळे 'माझा पेपर पुन्हा तपासा' या अर्जाला 'नियमात तरतूद नाही' असे एका ओळीचे उत्तर येते आणि पडताळणीत सहज सापडली असती अशी चूकही तशीच राहून जाते.

हा भेद कायद्यात पक्का झाला तो १९८४ साली, आणि तोही डॉक्टरकीच्या नव्हे, महाराष्ट्रातल्या शालान्त आणि उच्च माध्यमिक परीक्षांच्या वादातून. मंडळाच्या १९७७च्या नियमावलीत गुणपडताळणीची मुभा होती. पुनर्मूल्यांकन मागण्याचा किंवा उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मात्र कोणालाही नाही, असे तिथे स्पष्ट लिहिलेले होते. उत्तरपत्रिका हा अत्यंत गोपनीय दस्तऐवज मानला होता. विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले आणि तिथे ही बंदी टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. परीक्षेचा निकाल कधीतरी अंतिम व्हायला हवा, प्रत्येक उमेदवाराला उत्तरपत्रिका दाखवत बसलो तर यंत्रणा कोलमडेल, आणि शैक्षणिक बाबतीत न्यायालयाने तज्ज्ञांच्या जागी स्वतःचे मत घालू नये, असा एकंदर सूर होता. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व गुणदानापर्यंत ताणता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

यातला निकाल अंतिम असण्याचा मुद्दा मला पटतो. पण गोपनीयतेला मिळालेले संरक्षण विद्यार्थ्यांना फार महाग पडले. पुढची पंचवीसहून अधिक वर्षे अर्जदार आंधळेपणाने अर्ज करत राहिला. चूक कुठे झाली हे दाखवायला उत्तरपत्रिका हातात हवी, आणि तीच मिळत नव्हती. मग अर्जात उरायचे काय? 'मी कष्टाळू विद्यार्थी आहे, मागच्या सर्व परीक्षांत चांगले गुण आहेत, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' तो काळ सरला तरी अर्जाचा हा साचा अजून हातोहात फिरतो आहे.

माहितीचा अधिकार २००५ साली आला आणि ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती'च आहे, असा निर्णय दिला. ती पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क मिळाला, परीक्षकाचे नाव आणि सही मात्र झाकूनच. पुनर्मूल्यांकनाचे दार याने उघडले नाही, हेही त्याच निकालात स्वच्छ लिहिले आहे. प्रत मागता येते, नवे गुण मागता येत नाहीत. तरीही अर्जाचे रूप यानंतर बदलायला हवे होते, कारण आता पान उघडून बोट ठेवता येत होते.

समजा, पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला शरीरक्रियाशास्त्राच्या दोन लेखी पेपरांत प्रत्येकी १०० पैकी ५९ आणि ३७ गुण पडले. बेरीज ९६, उत्तीर्ण व्हायला २०० पैकी १०० हवेत. दुसऱ्या पेपरच्या छायाप्रतीत तिला दिसते, की स्ट्रेच रिफ्लेक्सवरची पाच गुणांची टीप तिने मुख्य उत्तरांच्या ओघात न लिहिता पुरवणीच्या शेवटच्या पानावर लिहिली होती. त्या पानावर ना बरोबरची खूण, ना गुण, ना शून्य. मुखपृष्ठावरच्या तक्त्यात त्या उपप्रश्नाचा चौकोन कोरा. 'मला किमान ५५ अपेक्षित होते' हे वाक्य तिने लिहिले, तर ते तिचे मत ठरेल. त्याऐवजी अर्ज असा हवा : 'दुसऱ्या पेपरमधील प्रश्न ४ (क) चे उत्तर पुरवणीच्या शेवटच्या पृष्ठावर आहे. त्यास गुण दिलेले नाहीत व मुखपृष्ठावरील रकाना रिक्त आहे. सदर उत्तर तपासून गुण नोंदवावेत, ही विनंती. छायाप्रत सोबत जोडली आहे.' हे पुनर्मूल्यांकन नव्हे, न तपासलेले उत्तर पहिल्यांदा तपासून घेणे आहे. चार गुण मिळाले तरी ती उत्तीर्ण होते. कोरा चौकोन आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य हे परीक्षकाचे मत आहे, कोरा चौकोन ही राहून गेलेली तपासणी.

वैद्यकीय पदवीच्या आधीच्या नियमांत एकाच विषयात थोडक्यात अडकलेल्याला जास्तीत जास्त पाच वाढीव गुण देण्याचा अधिकार विद्यापीठाला होता, आणि अशी चूक कधीकधी त्यातच झाकली जायची. २०२३च्या पदवी नियमावलीने ती सोय काढून टाकली. तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांना तर पडताळणीचा मार्ग मुळातच नाही. तिथे विद्यार्थ्याच्या उत्तराचा कागदच मागे राहत नाही, मग पडताळायचे काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या एका निकालानंतर न्यायालयाचा उंबरठा आणखी उंच झाला. नियमात पुनर्मूल्यांकन नसेल, तर तर्काने किंवा अर्थ लावून सिद्ध करावी लागणारी चूक चालणार नाही. ती अगदी स्पष्ट दिसली पाहिजे, आणि तरीही हस्तक्षेप अपवादात्मक प्रकरणातच. सहानुभूतीला तिथे जागा नाही, आणि शंका उरली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. २०२२ साली हेच पदव्युत्तर वैद्यकीय परीक्षेला लागू झाले. तपासणी संगणकाच्या पडद्यावर झाली होती आणि उत्तरपत्रिकांवर परीक्षकांच्या खुणा नाहीत, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. उच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका मागवून पुन्हा तपासायला लावल्या. नियमात तरतूद नसताना असे करता येत नाही, म्हणत सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

या निकालाने एक अडचण उघड्यावर आणली आहे. पडद्यावरच्या तपासणीत बेरीज यंत्र करते, म्हणून फेरमोजणीत हाती फारसे काही लागत नाही. चूक आता पान स्कॅन होताना सुटण्यात किंवा पुरवणी वेगळी पडण्यात असते. त्यामुळे छायाप्रत आली की आधी पाने मोजावीत, आपण जोडलेल्या पुरवण्यांची संख्या ताडून पाहावी आणि प्रश्ननिहाय गुणांचा तक्ता मागावा. एखादे पान कमी भरले, तर अर्जाच्या विषयाच्या ओळीत 'गुणपडताळणी' हाच शब्द लिहावा आणि पहिल्याच वाक्यात त्या पानाचा क्रमांक द्यावा. मुदत मोजायची ती निकालाच्या तारखेपासून की छायाप्रत मिळाल्यापासून, हे मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या परिपत्रकात वेगळे असते, आणि ते छायाप्रतीसाठी अर्ज करण्याआधीच वाचून ठेवावे लागते.