मांजर मनात बोलतंय की मालकिणीशी? व्हॉइसओव्हरमधली एक गफलत

पाळीव प्राण्यांच्या विनोदी व्हिडिओंमध्ये दोन वेगळे प्रकार सर्रास एकाच नावाखाली खपवले जातात. एकात प्राणी माणसासारखा बोलतो, म्हणजे ते डबिंग. दुसऱ्यात आपल्याला त्याच्या मनातलं ऐकू येतं, म्हणजे ते मनोगत. डबिंग सगळ्यांना ठाऊक आहे: तोंड उघडलं की शब्द टाकायचा, मिटलं की थांबायचं. त्यावर आणखी काही सांगत नाही. मनोगत मात्र बहुतेक जण डबिंगसारखंच लिहितात, आणि तिथेच ते पडतं.

आवाज बारीक की जाडा, मांजराला बायकी आवाज द्यायचा की पुरुषी, हे प्रश्न किरकोळ आहेत. खरा प्रश्न एकच: हे वाक्य कोण ऐकतंय? डबिंगमध्ये समोरचा माणूस ऐकतो. मनोगतात त्या खोलीतलं कुणीही ऐकत नाही, फक्त प्रेक्षक ऐकतो. मराठीत हे तपासणं फार सोपं आहे. संहितेत मालकिणीसाठी ‘तू’ आलं की ते बोलणं झालं. मनोगतात ती ‘ही’ असते. ‘तू मला खायला का देत नाहीस?’ ही तक्रार आहे. ‘ही वाटीकडे बघतच नाहीये’ हा विचार आहे. मुद्दा जवळपास तोच, पण दुसऱ्या वाक्यात मांजर काहीतरी हेरतंय आणि मालकिणीला त्याचा पत्ता नाही. मनोगतातली गंमत या पत्ता नसण्यातून येते.

नऊ सेकंदांची एक क्लिप घेऊ. टेबलावर मांजर, शेजारी प्लास्टिकचा रिकामा पेला. पहिले दोन सेकंद ते पेल्याकडे बघतं. तिसऱ्यात पंजा लावतं. मग मान वळवून दोन सेकंद मालकिणीकडे बघतं आणि एकदा म्यांव करतं. सहाव्या सेकंदाला पेला ढकलतं, उरलेले तीन सेकंद खाली बघत राहतं.

डबिंग करणारा नेमका म्यांववर शब्द बसवेल: ‘बघ हं, पाडते!’ ठीक आहे, हसू येतं. पण मनोगताचा म्हणून केलेल्या व्हिडिओतही हेच वाक्य त्याच जागी ठेवतात, हे मला अजिबात पटत नाही. तोंड हलताना आवाज आला की प्रेक्षकाच्या लेखी प्राणी बोलला, मग तो विचार उरत नाही. मनोगताची जागा नजरेत आहे. मान वळते तिथे: ‘ही बघतेय. आता उठेल.’ मग म्यांव तसाच, मोकळा ऐकू द्या. ढकलताना एक शब्दही नको, पेला पडल्याचा मूळ आवाज येऊ द्या. शेवटच्या तीन सेकंदांत: ‘पडला. म्हणजे अजूनही खालीच पडतं.’ दोन सेकंदांत आरामात चार-पाच शब्दच मावतात. त्याहून जास्त लिहिले की वाचणारा धावतो, आणि धावणारा आवाज विचारासारखा वाटत नाही.

‘आता मी पेला पाडते’ असं तर कधीच लिहू नये. जे डोळ्यांना दिसतंय ते पुन्हा सांगणारं वाक्य ना बोलणं असतं ना विचार, ते धावतं समालोचन होतं. विचार कृतीच्या आधी किंवा नंतर येतो, कृतीवर नाही. आणि मनातला आवाज म्हणून घुमणारा इफेक्ट लावणं कृपा करून थांबवा. माइकजवळ हळू बोललं की आवाज आपोआप आतला वाटतो.

मनोगताला आणखी एक मर्यादा आहे, जी डबिंगला नाही. बोलणारा प्राणी काहीही बोलू शकतो, विचार करणाऱ्याला मात्र फक्त त्याला कळेल तेवढंच माहीत असतं. फाटलेल्या उशीशेजारी कान पाडून, नजर चुकवत बसलेल्या कुत्र्याच्या मनोगतात ‘चुकलं माझं’ घालतात, ते मला म्हणूनच खटकतं. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने मना केलेला खाऊ कुत्र्याने खरंच खाल्ला होता की नाही, यावर तो ‘अपराधी’ चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा जास्त दिसे. म्हणजे कुत्रा उशीबद्दल नाही, समोरच्या माणसाबद्दल विचार करत असावा. मग मनोगत असं हवं: ‘हिचा आवाज बदललाय. हलायचं नाही.’ तिचं बोट उशीकडे जातं. ‘तिकडे काय आहे? उशी आहे. मग?’

आणि तो चेहरा यावा म्हणून कॅमेरा सुरू करून कुत्र्यावर मुद्दाम ओरडत असाल, तर ती क्लिप करूच नका. शेपूट पायांत, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, ओठ पुन्हा पुन्हा चाटतोय, असं दिसलं की तो घाबरलेला आहे, आणि त्यावर कुठलंही वाक्य बसत नाही.