तर्री पोहे, डोपामाइन आणि वाट पाहणारं सेरोटोनिन

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जैविक मानसशास्त्र शिकवायला घेतलं की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, डोपामाइन म्हणजे सुखाचं रसायन ना?" मुलांचा यात दोष नाही, सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या प्रयोगांनी या समजाला चांगलाच धक्का दिला आहे, आणि तो कसा बसला हे समजलं की मेंदूतल्या दुसऱ्या एका रसायनाचं, सेरोटोनिनचं, कोडंही थोडं सुटायला लागतं.

समजा, गोंदियाहून शिकायला आलेली एक मुलगी नागपूरला धरमपेठेत खोली घेऊन राहते. पहिल्यांदाच ती सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री पोहे घेते. फार काही अपेक्षा नसते, पोटात काहीतरी जावं एवढंच. वर हरभऱ्याची झणझणीत तर्री, कच्चा कांदा, लिंबू. पहिल्याच घासाला ती थबकते. त्या आनंदाला आपण दहा गुण देऊ. अपेक्षा शून्य, मिळाले दहा, म्हणजे फरक अधिक दहा. मेंदू या फरकाचा निम्मा भाग पुढच्या अपेक्षेत मिसळतो असं धरलं, तर दुसऱ्या दिवशी ती पाचची अपेक्षा घेऊन येते. पोहे तसेच, दहाचेच. आता फरक पाच आणि नवी अपेक्षा साडेसात. तिसऱ्या दिवशी फरक अडीच, चौथ्या दिवशी सव्वा. पोहे तितकेच चवदार आहेत, पण त्यात अनपेक्षित असं आता फारसं उरलेलं नाही. पाचव्या दिवशी ठेला बंद. अपेक्षा नऊच्या वर, हाती शून्य. फरक थेट उणे नऊच्याही खाली.

हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण गणिताची रीत खरी आहे. डोपामाइनच्या पेशी याच फरकाची बातमी देतात, असं वुल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मेंदूत दिसलं. मध्यमेंदूतल्या या पेशी एरवी सेकंदाला साधारण चार-पाच वेळा संदेश सोडत असतात. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की त्या क्षणभर धडाधड संदेश सोडतात. रसाआधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांत पेशी रसाला उत्तर देईनाशा झाल्या आणि दिव्याला देऊ लागल्या. मग दिवा लावून रस दिलाच नाही. ज्या घटकेला रस यायचा, नेमक्या त्याच घटकेला पेशी गप्प झाल्या. पीटर डायन आणि रीड माँटेग यांच्याबरोबर शुल्ट्झ यांनी 1997 मध्ये या निरीक्षणांना वरच्यासारख्या गणिताची जोड दिली.

या हिशेबाने आपल्या मुलीच्या मेंदूतली उसळी पहिल्या दिवशी घासाला येते, आणि पुढे ती ठेल्यावरून येणाऱ्या तर्रीच्या वासाकडे सरकते. नाक्यावर वास आला की पाय आपसूक तिकडे वळतात, ते त्यामुळे.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे आणि ती मला फार रोचक वाटते. सेकंदाला चार-पाच संदेश सोडणारी पेशी वर वीसपर्यंत जाऊ शकते, पण खाली जाऊन जाऊन शून्यावरच थांबते. त्यामुळे मोठ्या निराशेची मोजणी तितकी नेमकी होत नाही. त्यासाठी मेंदूला दुसऱ्या व्यवस्थांचीही मदत घ्यावी लागत असणार.

मग आनंदाचं काय? केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ पूर्ण नष्ट करून पाहिलं. हे उंदीर अन्नाकडे जाईनात, समोर असूनही खाईनात, त्यांना नळीने भरवावं लागलं. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच ओठ चाटायचे. गोडी लागत होती, फक्त ती मिळवायला उठण्याची ओढ संपली होती. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामाइनचा संबंध मुख्यतः दुसऱ्या गोष्टीशी आहे.

माणसांत हे पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये दिसतं. या आजारात डोपामाइनच्या पेशी मरत जातात. डोपामाइनची उणीव भरून काढणारं औषध घेतलेले रुग्ण बक्षिसातून चांगलं शिकतात, तर औषध न घेतलेल्या अवस्थेत चुकांमधून जास्त शिकतात, असं मायकेल फ्रँक यांच्या प्रयोगात 2004 मध्ये दिसलं. प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी तर काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. आयुष्यभर पै-पै जपणारा माणूस लपूनछपून लॉटरीची तिकिटं घेऊ लागतो आणि घरच्यांना वाटतं, म्हातारपणी बुद्धी फिरली. गोळीचा डोस कमी केला किंवा ती बदलली की हा नाद बहुधा ओसरतो. म्हणून अशी गोळी सुरू असेल तर वागण्यातला बदल घरच्यांनी न लाजता डॉक्टरांना सांगायला हवा.

सेरोटोनिनचं चित्र इतकं स्वच्छ नाही. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत शिरू शकत नाही. केळी खाऊन मूड सुधारतो हा सल्ला तिथेच कोलमडतो, कारण केळ्यातलं सेरोटोनिनही मेंदूपर्यंत पोचत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो, ते मेंदूच्या देठातल्या राफे नावाच्या छोट्या पेशीसमूहांत.

जपानमध्ये मियाझाकी आणि डोया यांच्या गटाने उंदरांना अन्नासाठी थांबायला शिकवलं आणि थांबलेले असताना प्रकाशाच्या साह्याने राफेतल्या सेरोटोनिन पेशी चेतवल्या. उंदीर जास्त वेळ धीर धरून थांबले. मात्र अन्न मिळण्याची शक्यता भरपूर होती तेव्हाच हे घडलं, शक्यता निम्म्यावर आणल्यावर धीर वाढला नाही. म्हणजे पोहे नक्की मिळणार आहेत, फक्त कढई तापायची आहे, अशा वेळी उभं राहण्याचं बळ सेरोटोनिन देत असावं. ठेला उघडेल की नाही याचीच शंका असेल तर त्याचा जोर चालत नाही.

उदासीच्या आजारात सेरोटोनिन कमी पडतं, हे मात्र इतक्या सरळपणे सिद्ध झालेलं नाही. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन आहारातून काढून टाकलं तरी निरोगी माणसं सहसा उदास होत नाहीत. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांनी बरे झालेल्यांपैकी काहींची उदासी मात्र ट्रिप्टोफॅन काढल्यावर तेवढ्यापुरती परत येते. गोळी पेशींच्या मधल्या जागेतलं सेरोटोनिन काही तासांतच वाढवते, पण मन हलकं व्हायला बहुतेकांना दोन ते चार आठवडे लागतात. एक कारण असं मानतात की राफेच्या पेशींवर स्वतःचंच सेरोटोनिन ओळखणारे ग्राही रेणू असतात. ते वाढ पाहून पेशींना हळू व्हायला सांगतात, आणि त्यांची संवेदना बोथट व्हायला काही आठवडे जातात. पण संपूर्ण उत्तर एवढ्यावर संपत नाही, पेशींमधल्या जोडण्यांची वाढ आणि बाकीचे बदलही त्यात असतात.

या उशिराचा रुग्णाला बसणारा फटका ठरलेला आहे. आतड्यातलं सेरोटोनिन लगेच वाढतं, म्हणून पहिल्या आठवड्यात मळमळ होते, पोट बिघडतं, आणि मनाला आराम मात्र अजून पडलेला नसतो. नेमकं याच टप्प्यावर पुष्कळ जण गोळी सोडून देतात. महिनोन् महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टर ती आठवड्यागणिक कमी करत आणतात.